नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेलं डाउनलोड

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून तुमच्याकडून मागितला जातोय. गेमचा लाँचर ९९ टक्क्यांपर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. किंवा पाऊण डाउनलोड होतं आणि परत शून्यापासून सुरू होतं. लोक या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, जणू ते एकच दुखणं आहे. माझा अनुभव वेगळा आहे. ही दोन वेगळी लक्षणं आहेत आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या ठिकाणांकडे बोट दाखवतात. आज मी एकच केस घेऊन बसणार आहे, कारण त्या एका लॅपटॉपमध्ये ही दोन्ही दुखणी एकावर एक चढलेली होती.

माझं वडोदऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. फोन आला बेळगावहून. फोनवर एक मुलगी होती, पीएचडी करणारी. तिचा जुना लॅपटॉप तिने धाकट्या भावाला दिला होता आणि तो हैदराबादला हॉस्टेलमध्ये राहतो. ती म्हणाली, "काका, चार दिवस झाले, ४२ जीबीचा गेम आहे, उतरतच नाहीये. तो म्हणतो सगळं फॉरमॅट मारतो. पण माझ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज अजून त्याच डिस्कवर आहेत, दुसरीकडे कॉपी नाही."

मी म्हटलं, त्याला सांग, फॉरमॅट नको आणि डाउनलोडही थांबव. आधी बघू.

आता पुढे जाण्याआधी ९९ टक्के म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याला वाटतं की टक्केवारी म्हणजे किती माल आला त्याचा हिशोब. पण लाँचर नुसता माल आणत नाही. तो आधी एक यादी आणतो, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. त्या यादीत प्रत्येक फाइलचं नाव, तिचा आकार, ती किती तुकड्यांत येणार आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश काय असायला हवा, हे लिहिलेलं असतं. मग लाँचर एकेक तुकडा आणतो, उघडतो, डिस्कवर योग्य जागी लिहितो. सगळं लिहून झालं की बरेच लाँचर ते परत वाचतात, त्याचा हॅश काढतात आणि यादीशी जुळवतात. जुळलं तर फाइल तात्पुरत्या फोल्डरमधून खऱ्या फोल्डरमध्ये जाते. नाही जुळलं तर तो तुकडा फेकून परत मागवला जातो. आणि हे शेवटचं वाचणं, जुळवणं, हलवणं, सगळं त्या शेवटच्या एका टक्क्यात कोंबलेलं असतं. म्हणजे ९९ वर असताना इंटरनेटचं काम जवळजवळ संपलेलं असतं आणि डिस्कचं काम भरात असतं.

हॅश म्हणजे काय हे नव्या मंडळींसाठी दोन वाक्यांत. फाइल कितीही मोठी असो, तिच्यावर ठरलेलं गणित केलं की ठरावीक लांबीचा एक आकडा मिळतो. SHA256 नावाच्या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो. त्यामुळे दोन फाइली अगदी तंतोतंत सारख्या आहेत का, हे पूर्ण फाइल शेजारी शेजारी न ठेवताही कळतं.

तर ९९ वर अडकलं की पहिलं काम म्हणजे टास्क मॅनेजर उघडायचा, Ctrl, Shift आणि Esc एकदम दाबून. त्यात Performance मध्ये जाऊन Disk बघायचं. डिस्क कामात आहे आणि वेगही सेकंदाला पाच-पन्नास एमबी दिसतोय, तर काही बिघडलेलं नाही, लाँचर जुळवणी करतोय. जुन्या हार्ड डिस्कवर ४० जीबी परत वाचायला सहज अर्धा-पाऊण तास जातो. चहा घ्या. डिस्क आणि नेट दोन्ही शांत आहेत, तर लाँचर कशाची तरी वाट बघतोय. बहुधा अँटिव्हायरसने एखादी फाइल धरून ठेवलीय किंवा ड्राइव्हवर जागा संपलीय. पण डिस्क १०० टक्के कामात आणि वेग मात्र शून्याच्या आसपास, सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, असं दिसलं की सावध व्हायचं. डिस्क एकाच जागी डोकं आपटतेय, असा त्याचा अर्थ.

मी त्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि आधी विचारलं की नक्की काय होतं ते दिवसवार सांग. त्याने सांगितलं ते फार कामाचं होतं. पहिले दोन दिवस हॉस्टेलच्या नेटवर गेम ६०-७० टक्क्यांपर्यंत जायचा आणि मागे यायचा, परत जायचा, परत मागे. तिसऱ्या दिवशी वैतागून त्याने मोबाइलचा डेटा वापरला, तेव्हा तो ९९ पर्यंत पोचला आणि अडकला. नेट बदललं तसं लक्षण बदललं. म्हणजे मागे येण्याचं कारण नेटच्या वाटेवर होतं आणि अडकण्याचं कारण लॅपटॉपच्या आत.

आधी वाटेवरचं बघू. हॉस्टेलच्या नेटला प्रॉक्सी होता. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमचा लॅपटॉप थेट सर्व्हरशी बोलत नाही, तो प्रॉक्सीला सांगतो, प्रॉक्सी सर्व्हरकडून आणतो आणि तुम्हाला देतो. वेबपेज बघायला याने काही अडत नाही. अडतं ते मोठ्या फाइलला. मोठी फाइल मध्येच तुटली तर लाँचर सगळी परत मागत नाही, तो म्हणतो, "८०० एमबीपर्यंत आलंय, तिथून पुढचं दे." याला रेंज मागणं म्हणतात. शहाणा सर्व्हर त्याला `206 Partial Content` असं उत्तर देतो आणि फक्त पुढचा भाग पाठवतो. पण काही प्रॉक्सी, विशेषतः व्हायरस तपासणारे किंवा जुन्या पद्धतीने बसवलेले, रेंजकडे दुर्लक्ष करतात. ते `200 OK` म्हणतात आणि फाइल पहिल्या बाइटपासून द्यायला लागतात. लाँचरला मग आधीचं टाकून परत सुरुवात करावी लागते. आणि त्याच प्रॉक्सीने जर दहा-पंधरा मिनिटांनी लांबलेली जोडणी तोडायची असं ठरवलं असेल, तर मोठी फाइल कधीच पुरी होत नाही. डाउनलोड पुन्हा पुन्हा शून्यावर जाण्यामागे मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडलेलं आहे.

हे तपासायला अंदाज नको, एक ओळ पुरते. विंडोज १० आणि ११ मध्ये `curl.exe` आधीपासून असतं. लाँचरच्या लॉगमध्ये ज्या पत्त्यावरून तो तुकडे आणतो तो पत्ता बहुधा दिसतो, तोच घ्या. आणि मधला एक छोटा तुकडाच मागा:

```
curl.exe -x http://PROXY:PORT -r 1000-1999 -D - -o tukda.bin http://PATTA
```

PROXY:PORT च्या जागी तुमच्या प्रॉक्सीचा पत्ता, PATTA च्या जागी फाइलचा. उत्तरात `206` आणि `Content-Range` दिसलं तर प्रॉक्सी रेंज पाळतो. `200` दिसलं आणि हजार बाइटऐवजी फाइल धबाधबा यायला लागली तर Ctrl+C दाबून थांबवा, तुमचा चोर सापडला. इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. पत्ता `http` चा घ्या. `https` असेल तर प्रॉक्सीला साधारणपणे आतलं दिसत नाही, तो नुसता बोगदा होतो, त्यामुळे परीक्षा होत नाही. बरेच जण विचारतील की आजच्या काळात `http` कशाला. काही लाँचर मुद्दामच तुकडे `http` वरून आणतात, कारण शेवटी हॅश जुळवायचाच असतो. त्यांच्यावर प्रॉक्सीचा हात सहज पोचतो. दुसरी गोष्ट म्हणजे `curl` विंडोजच्या सेटिंगमधला प्रॉक्सी आपणहून वाचत नाही. `-x` दिलं नाही तर तो थेट जातो. हे माहीत नसेल तर माणूस म्हणतो, "curl ने तर नीट चाललं," आणि भलत्याच दिशेला जातो.

त्या मुलाकडे हॉस्टेलच्या प्रॉक्सीवरून `200` आलं. एवढ्यावर पहिल्या दोन दिवसांचा उलगडा झाला. हॉस्टेलचा प्रॉक्सी आपण काही बदलू शकत नाही, तिथल्या व्यवस्थापकाला कळवायचं आणि दुसऱ्या नेटवर उतरवायचं, एवढंच हातात.

पण मोबाइलच्या नेटवर गेल्यावरही एक शेपूट उरलं होतं, ते सांगायलाच हवं. विंडोजमध्ये प्रॉक्सी दोन ठिकाणी लिहिलेला असू शकतो. एक तुमच्या खात्याचा, Settings मध्ये Network & internet आणि त्यात Proxy. दुसरा यंत्रणेचा, जो त्या पानावर दिसत नाही. लाँचरची खिडकी पहिला वाचते आणि मागे चालणारी त्याची सर्व्हिस कधी कधी दुसरा. त्यामुळे लॉगिन होतं, चित्रं दिसतात, पण डाउनलोड मेलेलं असतं. दुसरा बघायला:

```
netsh winhttp show proxy
```

`Direct access (no proxy server).` आलं तर बरं. त्याच्याकडे तिथे हॉस्टेलचा पत्ता होता, कोणीतरी कधीतरी टाकून दिलेला. मोबाइल डेटावर तो पत्ता लागतच नाही, म्हणून सर्व्हिस आधी तिथे ठोठावायची, मग बऱ्याच वेळाने नाद सोडून थेट जायची. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून `netsh winhttp reset proxy` केलं आणि ते मिटलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे परस्पर करू नका, तिथे तो प्रॉक्सी मुद्दाम ठेवलेला असतो.

आता ९९ कडे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग जवळजवळ शून्य. मी मनातल्या मनात ताईच्या रेकॉर्डिंगचा विचार करत होतो, पण नुसत्या संशयावर डिस्कला दोष द्यायचा नसतो. लाँचरच्या लॉगचा शेवट बघितला. पडताळणी फसली, परत मागवतोय, परत फसली, आणि प्रत्येक वेळी नाव एकाच फाइलचं. साधारण साडेतीन जीबीची एक मोठी गठ्ठा फाइल.

अशी एक फाइल हाती लागली की मी एक परीक्षा घेतो. माझ्या मते सगळ्या विषयात हीच सर्वांत उपयोगाची आहे. त्या फाइलचा हॅश काढायचा, लिहून ठेवायचा. लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. परत त्याच फाइलचा हॅश काढायचा. रीस्टार्ट का, तर नुकतीच वाचलेली फाइल विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं. लगेच दुसऱ्यांदा हॅश काढला तर डिस्कला हातही न लावता रॅममधूनच उत्तर येऊ शकतं, आणि तुम्हाला वाटेल डिस्क ठणठणीत आहे.

```
certutil -hashfile "D:\Games\motha.pak" SHA256
```

एकाच फाइलचे दोन वेळचे हॅश वेगळे आले, फाइल तर कोणी बदललेली नाही, तर वाचण्यातच गडबड आहे. मी आधी रॅम तपासतो, `mdsched.exe` चालवून. रॅमचा एखादा दाणा खराब असला तर मधूनच एखादा बिट उलटतो आणि माणूस महिनाभर नेटला शिव्या घालत बसतो.

दोन्ही वेळा हॅश एकच आला पण यादीशी जुळत नाही, तर डिस्क जे वाचतेय ते एकसारखं वाचतेय, फक्त लिहिलं गेलं तेच चुकीचं होतं. मग फाइल काढून टाकून परत उतरवायची आणि नवीन प्रतीचा हॅश बघायचा. नवीन प्रतीतही तोच चुकीचा हॅश आला तर लक्षात घ्या, योगायोगाने होणारी चूक दोनदा तशीच होत नाही. कोणीतरी तुम्हाला दर वेळी तीच चुकीची प्रत देतंय. प्रॉक्सीच्या साठ्यात जुनी किंवा अर्धवट प्रत पडलेली असेल, अँटिव्हायरस मध्ये हात घालत असेल, नाहीतर गेमवाल्यांनी नवीन आवृत्ती टाकली आणि तुमच्या लाँचरकडे जुनी यादी राहिली असेल. मोबाइलच्या नेटवर परत उतरवून बघितलं की प्रॉक्सी आहे की नाही ते सुटं होतं. यादी जुनी असेल तर लाँचर पूर्ण बंद करून, त्याचा कॅशे साफ करून उघडलं की नवी येते. आणि नवीन प्रतीचा हॅश दर वेळी निराळाच चुकीचा आला तर परत रॅम आणि डिस्क.

तुम्ही म्हणाल, काका, यादीतला हॅश आम्हाला कुठे दिसतो? बरोबर आहे, बरेच लाँचर तो दाखवत नाहीत. मग ज्याच्याकडे तोच गेम त्याच आवृत्तीत चालतोय अशा मित्राकडून त्या फाइलचा हॅश मागवायचा. चौसष्ट अक्षरं व्हॉट्सॲपवर येतात. तसा मित्र नसेल तर उबुंटूची आयएसओ फाइल उतरवून बघा, तिच्या शेजारी `SHA256SUMS` नावाच्या फाइलमध्ये खरा हॅश जाहीर केलेला असतो. पण ती काही जीबीची आहे, डेटा बघून करा.

आमच्या मुलाला दोन हॅश काढायची वेळच आली नाही. पहिलीच आज्ञा दोन-तीन मिनिटं रेंगाळली आणि हे उत्तर आलं:

```
CertUtil: -hashfile command FAILED: 0x80070017 (WIN32: 23 ERROR_CRC)
CertUtil: Data error (cyclic redundancy check).
```

याचा अर्थ हॅश चुकला असा नाही. याचा अर्थ डिस्कला ती फाइल शेवटपर्यंत वाचताच आली नाही. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरबरोबर तिची स्वतःची तपासणीची नोंद असते. सेक्टर वाचला, नोंद जुळली नाही, तर डिस्क परत वाचते, परत परत वाचते, आणि शेवटी हात वर करते. हे प्रत्येक खराब सेक्टरला कितीतरी सेकंद घेतं. टास्क मॅनेजरमधलं १०० टक्के आणि शून्य वेग हे त्याचंच चित्र. आणि लिहिताना तक्रार का नाही आली? कारण हार्ड डिस्क लिहिते तेव्हा लगेच परत वाचून बघत नाही. लिहिणं नेहमी यशस्वी वाटतं. दुखणं वाचताना उघडं पडतं, आणि लाँचर वाचतो ते शेवटी. म्हणून ९८ पर्यंत सगळं गुळगुळीत आणि ९९ वर खडा.

मग CrystalDiskInfo चालवलं. ते फुकट आहे आणि डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं, ज्यांना स्मार्ट म्हणतात. हार्ड डिस्कसाठी मी तीन-चारच ओळी बघतो. `05` म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. `C5` म्हणजे वाचता आले नाहीत आणि निकाल अजून लागायचाय असे सेक्टर. `C6` म्हणजे हरलेले. आणि `C7` वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल किंवा तिचा कनेक्टर सैल आहे. डेस्कटॉपवाल्यांनी `C7` बघून आधी वीस-पंचवीस वेळा वाचलेली डिस्क फेकू नये, शंभरेक रुपयांची केबल बदलावी.

मुलाने वाचून दाखवलं, "`C5` ला १८ आहे काका." मी विचारलं की बाजूला नुसतं 18 आहे की लांब शून्यांची माळ. माळ होती. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्समध्ये दाखवतं, सोळाच्या हिशोबात. 18 म्हणजे आपले २४. Function, Advanced Feature, Raw Values मध्ये जाऊन `10 [DEC]` केलं की नेहमीचे आकडे दिसतात. पण त्या गडबडीत ते केलं नाही. त्याने मी सांगून ठेवलेलं असतानाही रात्री आणखी एकदा डाउनलोड लावलं होतं, हे नंतर कळलं. सकाळी `C5` वर 38 होतं. ३८ नव्हे, ५६. एका रात्रीत २४ चे ५६.

एखाद-दुसरा सेक्टर जाणं मी फार मनावर घेत नाही. त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क तो तपासते, बरा असेल तर ठेवते, नाहीतर राखीव जागेत हलवते, आणि `C5` परत शून्य होतो. तसं होऊन वर्षानुवर्षं चालणाऱ्या डिस्का मी पाहिल्यात. पण आकडा वाढत असेल तर त्या डिस्कचे दिवस भरलेत असं धरून चालायचं. एक इशारा. `wmic diskdrive get status` लिहून `OK` आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. या डिस्कनेही तिथे `OK` च सांगितलं होतं. ती खूण कारखान्याने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच बदलते, आणि बऱ्याच डिस्का ती ओलांडण्याआधीच जातात.

या टप्प्यावर बरीच हुशार मंडळी `chkdsk /r` मारतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर, आतली कॉपी बाहेर काढायच्या आधी, ते करू नका. ते सगळ्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं, तासन्‌तास, आणि जे मोडलंय त्याची फाइल यंत्रणा आपल्या समजुतीने दुरुस्त करतं. आपल्याला आधी हवा असतो तो माल. गेमसाठी चार दिवसांत त्या डिस्कवर दीडशे जीबीच्या वर लिहिणं-वाचणं झालं होतं, तेवढं पुरे होतं.

ताईला कॉलवर घेतलं. विचारलं, "अगं, रेकॉर्डिंग किती, आणि कुठे?" ती म्हणाली, "४१ मुलाखती, D ड्राइव्हवर, मिळून ९ जीबी. सीमाभागातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आहेत काका, त्यातल्या दोघी आता नाहीत." मग पेनड्राइव्ह नको म्हटलं, भावाने मित्राची बाहेरची एसएसडी आणली. एक्सप्लोररमधून ओढून टाकलं असतं तर पहिल्या खराब फाइलवर सगळं अडलं असतं. म्हणून `robocopy`, पण त्यातही एक खोच आहे. न सांगता सोडलं तर `robocopy` एखादी फाइल वाचता आली नाही तर दहा लाख वेळा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. डिस्क तोवर संपेल. म्हणून प्रयत्न एक, थांबणं एक सेकंद:

```
robocopy D:\Mulakhati E:\Mulakhati /E /R:1 /W:1 /LOG:E:\nond.txt
```

लॉगमध्ये कोणत्या फाइली राहिल्या ते लिहून येतं. ४१ पैकी ३९ पहिल्या फेरीत आल्या. लॅपटॉप बंद करून तासभर थंड होऊ दिला, उरलेल्या दोनसाठी परत तीच आज्ञा दिली, एक आली. शेवटची, सत्तेचाळीस मिनिटांची, आली नाही. तिच्यासाठी लिनक्सवरचं `ddrescue` लावलं. ते खराब जागेवर अडून न बसता आधी चांगला भाग गोळा करतं आणि मग उरलेल्याकडे वळतं. त्याने फाइल मिळाली, पण मधले काही तुकडे रिकामे. रेकॉर्डिंग WAV मध्ये होतं, म्हणून ते चाललं. तेहतिसाव्या मिनिटाच्या आसपास आवाज दोन ठिकाणी क्षणभर तुटतो, बाकी पुरी मुलाखत ऐकू येते. दाबलेल्या फॉरमॅटमध्ये असती तर इतकं सहज सुटलं नसतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आता एसएसडी आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे `C5` शोधू नका. एनव्हीएमई एसएसडीवर `Percentage Used`, `Available Spare` आणि `Media and Data Integrity Errors` या ओळी बघा. शेवटची शून्य नसेल तर मी कॉपी काढायला घेतो. आणि स्वस्त एसएसडी भरत आली की लिहिण्याचा वेग इतका पडतो की ९९ वर अडकल्यासारखंच दिसतं. तो बिघाड नाही, थोडी जागा मोकळी केली की वेग बराचसा परत येतो.

जागेवरून आठवलं. ४२ जीबीच्या गेमला ४५ जीबी मोकळी ठेवून भागेलच असं नाही. काही लाँचर दाबलेला माल आणि उघडलेला माल एकाच वेळी ठेवतात, तेव्हा दीडपट-दुप्पट लागते. आणि ड्राइव्ह FAT32 असेल, जुन्या बाहेरच्या डिस्का असतात, तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल तिथे मावतच नाही. गेमच्या गठ्ठा फाइली सहज तेवढ्या असतात. ड्राइव्हवर उजवं क्लिक, Properties, `File system` समोर `NTFS` हवं.

त्या लॅपटॉपमध्ये शेवटी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, हैदराबादच्याच एका दुकानात. दोन्ही प्रॉक्सी कोरे आहेत हे त्याने मला स्क्रीनवर दाखवलं, मगच मोबाइल डेटावर डाउनलोड लावलं, रोजच्या कोट्यात बसवत तीन रात्री. तिसऱ्या रात्री त्याचा मेसेज आला, "९९ वर आलंय काका, थांबलंय." मी विचारलं, डिस्कचा वेग किती? म्हणाला सेकंदाला २१० एमबी. म्हटलं, मग जेवून घे. तो जेवून येईपर्यंत गेम उघडला होता. ताईची ४१ रेकॉर्डिंग्ज आता बेळगावला दोन डिस्कवर आहेत, आणि प्रत्येकीच्या शेजारी तिने SHA256 चा आकडा एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलाय.